शहरातल्या ट्रॅफिकसाठी कोणतं इंजिन ऑइल?

‘उन्हाळा कडक आहे, जाड ऑइल टाका,’ असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा कूलंट ९०-१०० अंशांच्या आसपास राखतात. त्यामुळे बाहेर ४० अंश असले तरी ऑइल त्या प्रमाणात तापत नाही.

५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी असतो. मुंबई-पुण्यात ०, ५ किंवा १० ने फारसा फरक पडत नाही. महत्त्वाचा दुसरा आकडा: तापलेल्या ऑइलचा जाडपणा.

समजा, तुमच्या पेट्रोल हॅचबॅकच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतात. गाडी नवी असेल तर २० घ्या, मायलेज थोडं बरं मिळतं. गाडी जुनी असेल, रोज एसी लावून तासन्‌तास सिग्नलला रखडत असेल, तर ३० घ्या. बेअरिंगवरचा ऑइलचा थर जास्त जाड राहतो. मॅन्युअलमध्ये फक्त २० असेल, तर २०च.

ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू राहतं, पण किलोमीटर वाढत नाहीत. म्हणून मॅन्युअलमधल्या ‘सिव्हिअर’ वापराच्या मुदतीनुसार ऑइल बदला. दर पंधरवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी सतत घटत असेल, तर आधी गळती तपासा.