वेग घड्याळाचा, खेळाडूचा नव्हे

एंडलेस रनर बनवणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमचा गेम खेळाडूप्रमाणे कठीण होतो, जितकं पळाल तितका वेग वाढतो.’ अहो, तो वेग घड्याळ बघून वाढतो. खेळाडूकडे तो ढुंकूनही बघत नाही!

इंटरनेट गेल्यावर क्रोममध्ये येणारा डायनासोर घ्या. त्याचा सोर्स कोड खुला आहे, कुणीही तपासावा. सुरुवातीचा वेग दर फ्रेमला 6 पिक्सेल, प्रत्येक फ्रेमला त्यात 0.001 ची भर, कमाल 13. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर 6 वरून 13 वर पोचायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. विसाव्या सेकंदाला आपटणारा नवखा 7.2 च्या पुढे कधी जातच नाही. सराईताला मात्र दर डावात तीच दोन मिनिटं जांभया देत काढावी लागतात. दोघांना एकच चढण, मग जुळवलं काय?

शिवाय वेग म्हणजेच काठिण्य, हेही अर्धसत्य. याच कोडमध्ये वेगाबरोबर निवडुंगांमधलं किमान अंतरही वाढतं. एकट्या छोट्या निवडुंगामागे ते वेग 6 असताना 174 पिक्सेल असतं, 13 असताना 293. वेळेत मोजा: 29 फ्रेमवरून साधारण साडेबावीस. वेग दुपटीहून जास्त झाला, पण दोन अडथळ्यांमध्ये सावरायचा वेळ पाव हिश्श्यानेही घटला नाही. वेग आणि अंतर या दोन वेगळ्या खुंट्या आहेत, त्या वेगवेगळ्याच पिळाव्यात.

त्याआधी खेळाडू मोजावा लागतो. मरण हा तोकडा पुरावा, डावाला एकच. त्यापेक्षा दर उडीला निवडुंग किती फ्रेम दूर होतं ते नोंदवा. उडी उशिरा मारली म्हणून खेळाडू कच्चा ठरत नाही. सराईतही उशिरा उडतो, पण दर वेळी जवळपास तेवढ्याच अंतरावरून. हे आकडे विस्कटू लागले की पडद्यावर अजून न आलेले अडथळे विरळ करा. चालू डावात वेग मात्र कमी करू नका: हाताला बसलेला अंदाज चुकतो आणि मदतीनेच माणूस मरतो. वेग बदलायचा तो पुढच्या डावाच्या आरंभी. गेल्या पाच डावांच्या वेळेचा मध्यक 100 सेकंदांपुढे गेला, तर 6 ऐवजी 9 पासून सुरू करा. त्याचे 50 सेकंद वाचतील. सरासरी नको, कारण फोन आल्यामुळे तिसऱ्या सेकंदाला संपलेला एक डावही तिला खाली ओढतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘यासाठी मशीन लर्निंग लागतं’: पाच आकड्यांचा मध्यक काढायला? ‘ही नवी टूम आहे’: रॉबिन हुनिके यांनी ‘हाफ-लाइफ’वर असा प्रयोग करून त्यावरचा निबंध 2005 मध्येच मांडला होता. ‘हे खेळाडूला जिंकवायला असतं’: या खेळात जिंकणं नसतंच.

‘स्कोअरबोर्डला काही फरक पडत नाही’ हे मात्र सोडून देण्यासारखं नाही. एकाला विरळ अडथळे, दुसऱ्याला दाट, आणि दोघांचे गुण एकाच यादीत, ही फसवणूक झाली. स्पर्धेसाठी सगळ्यांना सारखाच वेग आणि सारखेच अडथळे देणारा वेगळा मोड ठेवा.