हजार लिटर पाण्यातून किती वीज मिळते? मुंबईला उजळवणाऱ्या खोपोलीची गोष्ट

12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे लिफ्ट आणि पंखे बंद पडले. वीज परत आणताना टाटा पॉवरने ट्रॉम्बेच्या संचांबरोबरच सह्याद्रीतले जलविद्युत संचही कामाला लावले.

अशा वेळी पाण्यावरची वीज कामी का येते? त्यासाठी ती तयार कशी होते, हे आधी पाहावं लागेल.

पाणी किती, यापेक्षा ते किती उंचावरून पडतं?

तुमच्या इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, असं समजा. सात मजल्यांवरून, म्हणजे साधारण 20 मीटरवरून ते सगळं पाणी खाली सोडून वीज केली, तर 9 वॅटचा एक एलईडी दिवा जेमतेम पाच तास चालेल.

तेच हजार लिटर 500 मीटरवरून सोडलं तर? साधारण 1.2 युनिट वीज मिळते. त्यावर घरातला फ्रिज जवळपास दिवसभर चालू शकतो. पाणी तेवढंच, फक्त उंची 25 पट झाली, म्हणून वीजही 25 पट.

निसर्गाने ही उंची मुंबईच्या शेजारीच दिली आहे. लोणावळा-खंडाळा घाटमाथ्यावर, तर खोपोली पायथ्याशी. मधला उतार 500 मीटरच्या आसपास. याच उतारावर टाटांनी उभारलेल्या केंद्रातून 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. नंतर 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रं सुरू झाली.

घाटमाथ्यावरून वीजघरापर्यंत

वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांत पावसाचं पाणी साठतं. तिथून ते घाटाच्या कड्यापर्यंत आणून पोलादी नळांतून खाली सोडलं जातं. तळाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 50 पट होतो.

नळाच्या टोकाला निमुळती तोटी असते. तिच्यातून पाणी ताशी साधारण 350 किलोमीटर वेगाने सुटतं आणि पेल्टन चाकाच्या परिघावर बसवलेल्या वाट्यांवर आदळतं. प्रत्येक वाटी मधोमध धारेने विभागलेली असते. त्यामुळे फवारा दोन भागांत फुटून उलट वळतो. या वळण्यातच पाणी आपली जवळपास सगळी ऊर्जा चाकाला देतं आणि स्वतः मंद होऊन खाली पडतं.

चाकाच्या दांड्याला जनित्र जोडलेलं असतं. त्यातले विद्युतचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांजवळ फिरतात आणि वीज तयार होते. खोपोलीची क्षमता 72 मेगावॅट आहे. ती पूर्ण वापरायची तर दर सेकंदाला गच्चीवरच्या साधारण 17 टाक्यांएवढं पाणी लागतं.

बंद करणं अवघड, सुरू करणं सोपं

समजा, वीजवाहिनी अचानक तुटली. चाकावरचा भार गेला, की ते धोकादायक वेगाने फिरू लागतं. मग तोटी झटकन बंद करावी का? तसं केलं, तर नळातून धावत येणारं पाणी एकदम अडेल आणि त्याच्या धक्क्याने नळच फुटू शकतो. म्हणून आधी फवाऱ्यासमोर एक पोलादी पट्टी येते आणि पाणी चाकापासून बाजूला वळवते. तोटी मागाहून सावकाश बंद होते.

सुरू करणं मात्र सोपं. कोळशाच्या बंद केंद्राला आधी पंप आणि पंखे चालवायला बाहेरून बरीच वीज लागते, मग बॉयलर तापायला काही तास जातात. जलविद्युत संचाला झडप उघडण्यापुरती आणि चुंबकांना सुरुवात करून देण्यापुरती वीज पुरते. ती बॅटरी किंवा छोट्या जनरेटरवरही भागते. काही मिनिटांत संच तयार होतो आणि त्याच्या विजेवर पुढची केंद्रं उठवता येतात. संपूर्ण अंधारात जलविद्युत कामी येते ती यामुळे.

मग सगळी वीज पाण्यावर का नाही?

खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून क्षमता सुमारे 447 मेगावॅट आहे. मुंबईची गरज याच्या कितीतरी पट आहे. शिवाय चार महिन्यांत साठलेलं पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. म्हणून ते बहुतेकदा मागणी वाढते त्या तासांसाठी राखून वापरलं जातं.

आणि त्याची किंमतही आहे. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणात गावं आणि शेती बुडणार होती. त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तरीही धरण झालंच. हे पाणी मुळात पूर्वेला भीमा खोऱ्यात जाणारं. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला कोकणात उतरवलं जातं आणि पुन्हा घाट चढून जात नाही. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून या पाण्यावर हक्क सांगितला जातो, तो म्हणूनच.