तासकाटा आणि दोन मायक्रोसेकंद

भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा फिरताना दिसत नाही. त्याच्या आसावर 2,500 रेघांची चकती असलेला क्वाड्रेचर एन्कोडर बसवला आहे, असं समजा. चकतीसमोर A आणि B असे दोन सेन्सर असतात आणि त्यांचे सिग्नल पाव आवर्तनाने मागेपुढे असतात. आधी कोण बदलतो यावरून फिरण्याची दिशा कळते. प्रत्येक सिग्नल एका रेघेमागे एकदा चढतो, एकदा उतरतो. दोघांचे मिळून चार बदल, म्हणजे चार एज. एका फेरीत 10,000 एज.

तासकाट्याची फेरी 43,200 सेकंदांची, म्हणून दर 4.32 सेकंदांनी एक एज येईल. आता तोच एन्कोडर 3,000 आरपीएमने फिरणाऱ्या मोटरला लावा. सेकंदाला 50 फेऱ्या आणि 5 लाख एज, म्हणजे दर 2 मायक्रोसेकंदांनी एक. चकती तीच, पण वेगांत 21 लाख 60 हजार पटींचं अंतर.

वेग काढण्याची सरळ रीत म्हणजे ठरावीक वेळेत किती एज आल्या ते मोजणं. दर मिलिसेकंदाला मोजलं, तर 3,000 आरपीएमला 500 एज मिळतात. एखादी इकडची तिकडे झाली, तर फरक 6 आरपीएमचा. तो सहज खपतो. पण मोटर 1 आरपीएमवर आणली की एज 6 मिलिसेकंदांनी येते. मग आकडे दिसतात 0, 0, 0, 0, 0, 1. मोटर शांतपणे एकसारखी फिरत असते आणि पडद्यावर वेग शून्यावरून 6 आरपीएमवर उडी मारून परत शून्यावर येतो. चूक दोन्हीकडे सारखीच, 6 आरपीएमची. फक्त इथे ती खऱ्या वेगाच्या सहापट आहे.

मग उलटं करावं. एज मोजण्याऐवजी दोन एजमधला वेळ मोजावा. सेकंदाला 10 लाख टिक देणारं घड्याळ 1 आरपीएमला एका एजपासून दुसरीपर्यंत 6,000 टिक मोजतं. एक टिक चुकली तरी काही बिघडत नाही. पण 3,000 आरपीएमला हाती दोनच टिक येतात. दोनाऐवजी तीन मोजल्या गेल्या, तर उत्तर 2,000 आरपीएम. एकच मोजली गेली, तर 6,000. या दोन रीतींची चूक 190 आरपीएमच्या आसपास सारखी होते, आणि तिथेही ती तीन टक्क्यांहून जास्तच असते. नुसती रीत बदलून मधला पट्टा सुधारत नाही.

यावर तोडगा म्हणजे दोन्ही मोजणं. साधारण मिलिसेकंदभर एज मोजायच्या, पण भागायचं ते पहिल्या एजपासून शेवटच्या एजपर्यंतच्या नेमक्या वेळाने. याला M/T पद्धत म्हणतात. 3,000 आरपीएमला सुमारे 500 एज आणि 1,000 टिक मिळतात, म्हणून चूक हजारात एक. वेग कमी असेल, तर पुढची एज येईपर्यंत थांबायचं.

इथे एन्कोडरचा स्वभावही सांभाळावा लागतो. A आणि B मध्ये 90 ऐवजी 75 अंशांचं अंतर असेल, तर 1 आरपीएमला एज 6 ऐवजी 5 आणि 7 मिलिसेकंदांनी आलटून पालटून येतात. वेग 1.2 आणि 0.86 असा नियमित डोलताना दिसला, की मोटरला दोष देण्याआधी हे तपासावं. A च्या चढत्या एजपासून A च्याच पुढच्या चढत्या एजपर्यंत, म्हणजे 24 मिलिसेकंद मोजले, की हा दोष निघून जातो.

आणि एज आलीच नाही तर? मोटर थांबली, तर पुढची एज कधीच येणार नाही आणि प्रोग्राम जुनाच वेग दाखवत राहील. पण शांततासुद्धा काही सांगत असते. तासकाट्याच्या शेवटच्या एजला 8.64 सेकंद होऊन गेले, तर त्या काळातला सरासरी वेग आधीच्या निम्म्याहून कमी आहे, एवढं पक्कं. म्हणून सरत्या वेळेबरोबर वेगाची वरची मर्यादा खाली आणत न्यावी.

रेघा वाढवणं हाही उपाय आहे. आजच्या सर्वोमोटरमध्ये 23 बिटांचे, म्हणजे फेरीला 83,88,608 पायऱ्यांचे एन्कोडर असतात. तासकाट्यावर त्याची पायरी साधारण दर 5 मिलिसेकंदांनी पडेल. पण 3,000 आरपीएमला सेकंदाला जवळपास 42 कोटी पायऱ्या होतात, आणि दोन पायऱ्यांमधल्या वेळात प्रकाशही फक्त सुमारे 70 सेंटीमीटर जातो. म्हणून असे एन्कोडर एज पाठवतच नाहीत. विचारलं की आपली जागा आकड्यात सांगतात.