पगाराचा प्रवाह

नाशिकमधलं एक घर घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण ओळखीचे वाटतील. एकाचा पगार कागदावर 60,000 आणि दुसऱ्याच्या शिकवण्यांचे 12,000, म्हणजे महिन्याला 72,000 रुपये. यातले साठतात किती? या घरातलं उत्तर तयार असतं: ‘एसआयपीचे पाच हजार, बाकी सगळे खर्च.’

आता आलेखाचा कागद आडवा धरा आणि हजार रुपयांना एक मिलिमीटर असं माप ठरवा. डाव्या कडेला 72 मिलिमीटर रुंदीचा पट्टा निघतो. शेताला पाणी देताना पाटाला जशा चाऱ्या फुटतात, तसे उजवीकडे जाताना त्याला फाटे फुटतील. नियम एकच, पण कडक: फाट्याची रुंदी म्हणजेच रक्कम. जेवढं आत आलं, तेवढंच बाहेर पडलं पाहिजे.

या चित्राला सँकी आकृती म्हणतात. कॅप्टन मॅथ्यू सँकी या आयरिश अभियंत्याने 1898 मध्ये वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे कामी येते आणि कुठे वाया जाते, हे अशा रुंद-अरुंद पट्ट्यांनी दाखवलं. इंजिनाला लावलेला हिशेब घरालाही जसाच्या तसा लागू पडावा, ही केवढी गंमत!

पहिला धक्का तर पैसे घरात यायच्या आधीच बसतो. मूळ वेतन 30,000 असेल, तर त्याचे 12 टक्के, म्हणजे 3,600 रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात आणि 200 व्यवसाय करात. हातात 56,200 येतात. शिकवण्यांचे धरून घरात 68,200. पीएफचा हा साडेतीन मिलिमीटरचा फाटा घराला वळसा घालून थेट उजवीकडच्या ‘बचत’ या चौकोनात शिरतो. खात्यात तो कधी दिसतच नाही, म्हणून मोजलाही जात नाही.

खरं नवल मात्र गृहकर्जाच्या हप्त्यात दडलंय. 24 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत: हप्ता 20,828 रुपये. हा फाटा ‘खर्च’ म्हणून काढून मोकळं व्हायचं? थांबा, तो पुढे आणखी फुटतो. पहिल्या महिन्यात 17,000 व्याजाचे आणि 3,828 मुद्दलाचे. मुद्दलाचे पैसे गेले कुठे? तेवढं घर तुमच्या मालकीचं झालं! म्हणजे हा फाटा खर्चातून निघून वळतो आणि बचतीला मिळतो. पीएफ, मुद्दल आणि एसआयपी मिळून 12,428. ‘पाच हजार’ म्हणणारं घर त्याच्या जवळपास अडीचपट साठवत होतं. (मुद्दलाचे पैसे अडीअडचणीला लगेच हाताशी येत नाहीत, म्हणून मी तो फाटा वेगळ्या रंगात काढतो.)

आणि हेच चित्र दरवर्षी काढलं तर? व्याजदर तोच राहिला, तर हप्त्याची रुंदी तसूभरही बदलत नाही, पण आत व्याज आकसतं आणि मुद्दल फुगत जातं. मुद्दल व्याजाच्या पुढे जायला मात्र जवळजवळ बारा वर्षं लागतात!

संगणकावर काढायचं असेल, तर `sankeymatic.com` वर अशा ओळी लिहायच्या:

```
पगार [3600] बचत
पगार [200] व्यवसाय कर
पगार [56200] घर
शिकवणी [12000] घर
घर [20828] हप्ता
हप्ता [17000] व्याज
हप्ता [3828] बचत
घर [5000] बचत
घर [*] उरलेले
```

किराणा, दूध-भाजी, शाळा, वीज, पेट्रोल, औषधं यांच्या ओळीही अशाच, शेवटच्या ओळीच्या आधी. तो तारा म्हणजे ‘जे शिल्लक असेल ते’. आमच्या नमुना घरात या सगळ्यांचे मिळून 37,000 होतात, आणि तारा 5,372 वर येऊन थांबतो. पाच मिलिमीटरचा एक फाटा, ज्याला नावच नाही! वहीत तो सहज निसटला असता. इथे नियम त्याला निसटू देत नाही. मग यूपीआयच्या नोंदी उघडून त्याला नाव द्यायचं.

हा फाटा अवाढव्य निघाला, तर काहीतरी लिहायचं राहून गेलंय. उलट खर्च फुगलेला दिसला, तर बहुधा क्रेडिट कार्डाचं बिल आणि त्यातली खरेदी, दोन्ही मोजली गेलीत. वर्षातून एकदा भरायचा विम्याचा हप्ता बाराने भागून घ्यावा, नाहीतर त्या एका महिन्याचं चित्र सगळं बिघडवतं.

पण खर्चच मिळकतीहून जास्त झाला तर? उणे रुंदीचा पट्टा काढताच येत नाही. अशा वेळी डावीकडे नवा उगम काढावा लागतो, ‘मोडलेली मुदतठेव’ किंवा ‘उसने’, आणि किती हजारांची तूट कुठून भरून निघाली, ते त्याच्या रुंदीवर पट्टी ठेवून मोजता येतं.