कोरियन आणि जपानी बोलीतले 'अहो' आणि 'अरे'

आपल्याकडे ओळख वाढली, की 'तुम्ही'चे 'तू' होते. ते कधी झाले, हे पुष्कळदा दोघांनाही सांगता येत नाही. कोरियात मात्र एकमेकांवर मन जडलेली तरुण मंडळी ही गोष्ट बहुधा उघड विचारून करतात. या दोन्ही देशांच्या भाषा आज आपल्याकडचीही मुले शिकतात, तेव्हा ही रीत समजून घेतलेली बरी.

पहिली गोष्ट अशी, की मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात दिसतो. कोरियनमध्ये 'तू-तुम्ही' हे शब्द बहुतेक वेळा गाळलेलेच असतात. सारा भार क्रियापदाच्या शेवटावर. 'कुठे जाता?' हे विचारायचे तर 'ओदि गासेयो?' म्हणजे अगदी मान देऊन, 'ओदि गायो?' म्हणजे साधे सभ्यपणे, आणि 'ओदि गा?' म्हणजे जवळच्या माणसाला. शेवटचा 'यो' गेला, की बोलणे घरचे झाले. सभ्य बोलीला ते 'जोन्देन्माल' म्हणतात, तर घरच्या बोलीला 'बान्माल'.

आता समजा, सोल शहरात सत्तावीस वर्षांचा मिन्सू आणि चोवीस वर्षांची जियोंग यांची ओळख झाली. पहिल्या भेटीत दोघेही 'यो' लावून बोलतात. नावापुढे 'श्शी' लावतात, म्हणजे 'मिन्सू-श्शी', 'जियोंग-श्शी'. वयाची चौकशी लवकरच होते. ती आगाऊपणा नव्हे, कोणी कोणाशी कसे बोलायचे हे त्यावरून ठरते. दोन-चार भेटी झाल्यावर मिन्सू म्हणतो, 'आपण बोली खाली ठेवू या का?' तिकडचा शब्दप्रयोगच तसा आहे, 'माल नोथा', म्हणजे बोली खाली ठेवणे. हे सुचवण्याचा मान बहुधा मोठ्याचा. जियोंगने होकार दिला, की दोघांचेही 'यो' गळतात आणि ती त्याला 'ओप्पा' म्हणू लागते. 'ओप्पा' म्हणजे मुलीचा थोरला भाऊ, पण वयाने मोठ्या प्रियकरालाही मुली तेच म्हणतात. आपल्या कानाला हे चमत्कारिक वाटेल, तिथे त्यात काही वावगे नाही.

मात्र 'यो' राहिला म्हणजे प्रेम नाही, असे समजू नये. काही जोडपी एकमेकांचा मान राखायचा म्हणून लग्नानंतरही सभ्य बोलीतच बोलतात. खरी खूण बदलात असते. रोज बान्मालमध्ये बोलणारी व्यक्ती एकाएकी 'यो' लावू लागली, तर तो पुष्कळदा रुसवा असतो. आपल्याकडे रागावलेली माणसे 'आपण मोठे लोक' म्हणतात ना, तशातली गत.

जपानमध्ये असे उघड विचारणे कमी. तिथे बोली हळूहळू सैल होते. 'दोको ए इकिमासु का?' हे सभ्य, तर 'दोको इकु?' हे जवळचे. प्रश्न तोच, 'कुठे जाता?' दोघे जेवायला बसले असताना एखादा घास आवडला आणि स्वतःशीच म्हणावे तसे नुसते 'ओइशी!' निघाले, सभ्य 'देसु' न लावता, तर तिथे पहिली गाठ सुटली. समोरच्यानेही तसेच बोलून साथ दिली, तर आणखी एक पाऊल पुढे. नावाचेही तसेच. आधी आडनावाला 'सान', मग पहिल्या नावाला 'सान', 'कुन' किंवा 'चान', आणि फार जवळीक झाल्यावर नुसते नाव.

शिकणाऱ्यांची चूक होते ती कुठे? पहिली, 'तुम्ही'ला शब्द शोधण्यात. कोरियन 'तांगशिन' आणि जपानी 'अनाता' कोशात सापडतात, पण 'तांगशिन' नवरा-बायकोत चालतो किंवा भांडणात ऐकू येतो, आणि 'अनाता' नव्या ओळखीत रुक्ष किंवा उद्धट वाटू शकतो. त्यापेक्षा नाव घ्यावे. दुसरी, मालिका पाहून बान्माल उचलण्यात. पडद्यावरचे दोघे कितव्या भेटीत आहेत, हे विसरले की फसगत होते. तिसरी, केवळ प्रिय व्यक्तीकडूनच भाषा शिकण्यात. जपानीत बायकी वळणाचे काही शब्द आहेत. मैत्रिणीकडून शिकलेला तरुण स्वतःला 'आताशी' म्हणू लागला, तर ऐकणारे गालातल्या गालात हसतात. तीच घरची बोली तिच्या आईपुढे निघाली, तर हसण्यावारी जात नाही. तिथे 'गासेयो'च हवे.

मग ओळखायचे कसे? आपण 'यो' सोडला आणि समोरच्याने सोडला नाही, तर आपण घाई केली असे समजावे व मुकाट्याने 'यो' पुन्हा लावावा. दोन वाक्ये जादा सभ्य बोलल्याने कोणी दुरावत नाही. जवळचे बोलण्याची परवानगी मात्र समोरून यावी लागते, कोरियात शब्दाने आणि जपानमध्ये सुराने.