स्वागतपत्राची भाषा : ‘आम्ही’, ‘आपण’ आणि आज्ञार्थ

भावाचे किंवा बहिणीचे लग्न झाल्यावर घरात आलेल्या नव्या व्यक्तीला चार ओळी लिहाव्यात, असे अनेकांना वाटते. पूर्वी हे काम पोस्टकार्ड करीत असे, आता ते बहुधा मोबाइलवरील संदेश करतो. माध्यम बदलले तरी मूळ अडचण तीच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात माया असते, पण वाचणाऱ्याला कधी कधी त्यात अधिकार जाणवतो. असे का होते, याचे उत्तर बरेचदा मराठीच्या व्याकरणात सापडते. कौटुंबिक पत्रलेखनाच्या या घटकात आपण एका उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार करू.

संबोधन

जुन्या पत्रलेखनात मायन्यावरूनच नात्याची पायरी कळत असे. वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, तर धाकट्यांसाठी ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ अशी ती रीत होती. या रीतीने थोरल्या भावाची पत्नी ‘वहिनी’ ठरते. ती वयाने लहान असली तरी नात्याने मोठी असते, म्हणून तिला ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. धाकट्या भावाच्या पत्नीला मात्र नावाने आणि ‘तू’ असे संबोधले जाते.

येथे नावाचाच प्रश्न उभा राहतो. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. काही जणी ते नाव आनंदाने वापरतात, काही माहेरचेच नाव ठेवतात. म्हणून लिहिण्यापूर्वी ‘तिला कोणते नाव आवडते?’ एवढे भावाला विचारून घ्यावे. चुकीच्या नावाने केलेले स्वागत पहिल्याच शब्दाला अडखळते.

उदाहरण : पहिला खर्डा

समजा, हिंगणघाटला राहणारी एक थोरली बहीण आहे. तिचा धाकटा भाऊ आर्वीला आईजवळ राहतो. त्याची पत्नी कोल्हापूरची आहे आणि नोकरी करते. नणंदेने लिहिलेला पहिला खर्डा असा होता :

> चि. सौ. … हिस अनेक आशीर्वाद. आता तू आमच्या घरची झालीस. आमच्याकडे सगळे सण एकत्र होतात, तेव्हा दिवाळीची रजा आधीच काढून ठेव. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिची काळजी तू घ्यावीस. माझा भाऊ भोळा आहे, त्याला सांभाळ. मला मोठी बहीणच समज, काही लपवू नकोस. लवकर उत्तर पाठव.

यातील एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेले नाही. तरीही क्रियापदे मोजून पाहा. ‘काढून ठेव’, ‘सांभाळ’, ‘समज’, ‘लपवू नकोस’ आणि ‘पाठव’ ही पाच आज्ञार्थाची रूपे आहेत. ‘घ्यावीस’ हे विध्यर्थाचे रूप असून त्यातून कर्तव्य सूचित होते. म्हणजे इतक्या छोट्या मजकुरात सहा अपेक्षा आहेत. आज्ञार्थ नेहमीच हुकूम करतो असे नाही. ‘सुखी राहा’ हाही आज्ञार्थच आहे आणि तो आशीर्वाद आहे. फरक असा की आशीर्वादात ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. येथे मात्र प्रत्येक रूप एक काम सोपवते.

दुसरी खूण सर्वनामाची आहे. ‘आम्ही’ या शब्दात ऐकणारा येत नाही, ‘आपण’ या शब्दात तो येतो. हा भेद मराठीत सहज होतो, म्हणूनच तो नकळत बोलून जातो. ‘तू आमच्या घरची झालीस’ या वाक्यात घर अजून ‘आमचे’च आहे आणि ती त्या घराच्या मालकीची झाली आहे. स्वागताचे वाक्य असूनही त्यात तिला दाराबाहेरच उभे केले आहे.

तिसरी गोष्ट या खर्ड्यात नसलेली आहे. तिच्याविषयी, तिच्या माहेराविषयी किंवा कामाविषयी त्यात एकही शब्द नाही. हाच संदेश नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही नववधूला पाठवता आला असता.

दुसरा खर्डा

> प्रिय …,
>
> लग्नाच्या गडबडीत आपले नीट बोलणेच झाले नाही. पाठवणीच्या वेळी स्वतःचे डोळे भरलेले असतानाही तू तुझ्या धाकट्या भावाच्या हातात प्रवासाचा डबा दिलास, ते मी पाहिले. फार बरे वाटले.
>
> कोल्हापूरच्या हवेनंतर आर्वीचा पहिला उन्हाळा तुला जड जाईल. आमच्याकडे लोक ‘काय करून राहिली?’ असे विचारतात. ती नुसती विचारपूस असते, जाब नसतो.
>
> मला घरात ताई म्हणतात, पण तुला जे सोपे वाटेल ते चालेल. सवडीने कधी फोन केलास तर आनंद होईल. नाही जमले तरी माझ्या मनात काही येणार नाही. पुढे कधी तरी आपण दोघी वर्ध्याला जाऊ आणि गोरसपाक घेऊन येऊ.
>
> तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार.
>
> तुझी,
> …

या खर्ड्यात आज्ञार्थाचे एकही रूप नाही. ‘फोन केलास तर’ हा संकेतार्थ आहे, त्यामुळे निर्णय तिच्याकडे राहतो. ‘आमच्याकडे’ हा शब्द येथेही आला आहे, पण तो योग्य जागी आहे. ‘करून राहणे’ ही विदर्भातील बोलीची लकब आहे. प्रमाण मराठीत तिथे ‘करते आहेस’ येईल. कोल्हापूरच्या मुलीला हा प्रयोग अनोळखी आहे. तो ‘आमचा’ म्हणून सांगितल्यामुळे तिला माहिती मिळते, पण तिने तसेच बोलावे अशी सक्ती होत नाही. उलट ‘आपण’ हा शब्द दोघींच्या भेटीसाठी राखून ठेवला आहे.

‘आपण’ शब्दालाही मर्यादा आहे. ‘आपल्याकडे असे चालत नाही’ या वाक्यात तोच सर्वसमावेशक शब्द तिला विचारल्याशिवाय नियमात बांधतो. तेव्हा सूत्र असे सांगता येईल : सवयी सांगताना ‘आम्ही’, सोबत सुचवताना ‘आपण’.

आईच्या गुडघ्यांचे काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. ती काळजी खरी आहे. पण ते बोलणे बहीण-भावांत व्हायला हवे. तो विषय भावाशी फोनवर बोलावा, स्वागताच्या संदेशात आणू नये.

बहिणीच्या पतीला लिहिताना

येथे ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ हे संबोधन रूढ आहे. जावयाच्या मानामुळे भाषा अधिक अदबीची होते, पण आज्ञार्थ तिथेही डोकावतो. ‘आमच्या ताईला जपा’ हे वाक्य प्रेमाने लिहिले जाते, मात्र त्यात अविश्वासाची छटा उमटते. त्याऐवजी त्या व्यक्तीविषयी आपण स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगावी.

हा संदेश कुटुंबाच्या सामाईक गटात न टाकता थेट त्या व्यक्तीला पाठवावा. गटात सर्वांसमोर उत्तर देणे भाग पडते, आणि ‘सवडीने’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

स्वाध्याय

१. थोरल्या भावाच्या, वयाने आपल्यापेक्षा लहान असलेल्या पत्नीला सुमारे ऐंशी शब्दांत स्वागताचा संदेश लिहा. संबोधन का निवडले, ते सांगा.

२. आपल्या संदेशातील आज्ञार्थ व विध्यर्थ रूपे अधोरेखित करा. त्यांपैकी आशीर्वाद कोणते आणि अपेक्षा कोणत्या, हे वेगळे करा.