संध्याकाळचे तीन तास: ओव्हरटाइम की पार्ट-टाइम माणूस?

दुकानात संध्याकाळी गर्दी वाढली की मालकापुढे दोनच वाटा दिसतात. असलेल्या माणसांना थांबवून घ्यायचं आणि ओव्हरटाइम द्यायचा, किंवा तेवढ्या वेळापुरता एक पार्ट-टाइम मुलगा किंवा मुलगी ठेवायची. बहुतेक जण पहिली वाट धरतात, कारण त्यात नवा माणूस शोधावा लागत नाही. ती स्वस्त आहे की महाग, हे मात्र कागदावर मांडून क्वचितच कुणी पाहतं.

एक उदाहरण धरू. तालुक्याच्या गावातलं मोठं किराणा-मार्ट, चौदा माणसं. बिलिंगवर तिघं जण, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये तासाभराची जेवणाची सुट्टी. प्रत्येकाला महिना 15,600 रुपये. 26 दिवसांनी भागलं तर दिवसाला 600 आणि आठ तासांनी भागलं तर तासाला 75 रुपये पडतात. सहा ते नऊ या वेळेत एक जादा हात लागतो. म्हणजे महिन्याला 78 तास.

आपल्याकडे जादा कामाचा दर कायद्याने नेहमीच्या दराच्या दुप्पट आहे. अमेरिकेत तो साधारण दीडपट असतो, म्हणून तिकडच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतली ओव्हरटाइमची गणितं इथे जशीच्या तशी लावू नयेत. आपला तास 150 रुपयांचा. 78 तासांचे 11,700. ईएसआय लागू असेल तर मालकाची 3.25 टक्के वर्गणी ओव्हरटाइमच्या रकमेवरही भरावी लागते. ती धरून महिन्याला साधारण 12,080 रुपये.

अनेक दुकानांत ओटी ‘सिंगल’ दराने दिला जातो आणि मग तो अर्थातच स्वस्त वाटतो. ते स्वस्त नाही, ती थकबाकी आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाने कामगार कार्यालयात अर्ज केला की ती एकरकमी समोर येते. त्यामुळे तुलना करायची तर दुप्पट दरानेच करावी.

आता दुसरी बाजू. पार्ट-टाइम माणसाला तासाला 75 रुपये दिले की झालं, असं नसतं. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगाराचा तासाचा दर काढताना दिवसाच्या दराला आठने भागून वर 15 टक्के वाढ देण्याची तरतूद असते. त्यातून निघतो तो कमीत कमी दर, आणि बाजार त्याहून वेगळं बोलतो. रोज संध्याकाळचे तीन तास अडकवून घेणारा माणूस सहा-पावणेसात हजारांत टिकत नाही. आपण महिना 8,000 धरू.

त्यावर ईएसआयचे 260. दिवाळीला एक पगार देण्याची रीत असेल तर त्याचे महिन्याला 667. हा माणूस वर्षातून सात-आठ दिवस रजा घेणारच, आणि त्या दिवशी काउंटरवर कुणीतरी ओव्हरटाइमलाच थांबेल. तो खर्च महिन्याला 300 धरा. मग येतं सगळ्यात जास्त विसरलं जाणारं कलम, शिकवणी. बिलिंगचं सॉफ्टवेअर, सुट्या मालाचे कोड, परत आलेल्या मालाची नोंद, रात्रीचा गल्ला जुळवणं, यात पहिले दहा-बारा दिवस तो शिकत असतो आणि शेजारचा जुना माणूस त्याच्यामागे उभा असतो. एका शिकवणीचा खर्च पाच हजार धरला आणि कॉलेजची परीक्षा किंवा दुसरी नोकरी या कारणाने वर्षात दोन माणसं बदलली, तर महिन्याला आणखी 833 रुपये.

सगळं मिळून 10,060. ओव्हरटाइमपेक्षा महिन्याला दोन हजारांनी कमी. फरक आहे, पण 75 विरुद्ध 150 असा निम्म्याचा नाही. ओव्हरटाइमचा तास महाग असला तरी त्याला शेपूट नसतं: रजा नाही, शिकवणी नाही, पीएफसाठी तो वेतनात धरला जात नाही, आणि गर्दी नसेल त्या दिवशी तो द्यावाच लागत नाही. पार्ट-टाइम माणूस मात्र गिऱ्हाईक असो नसो, महिन्याचा पगार घेतो.

म्हणून या तुलनेचा खरा काटा तासांवर असतो. आपल्या उदाहरणात 10,060 रुपयांत ओव्हरटाइमचे सुमारे 65 तास बसतात, म्हणजे रोजचे अडीच तास. गरज त्याहून कमी असेल, समजा गर्दी फक्त पहिल्या आठवड्यात आणि शनिवार-रविवारी असेल, तर ओव्हरटाइमच परवडतो. त्याहून जास्त आणि रोजची असेल तर माणूस ठेवावा. तुमच्या दुकानात हा आकडा वेगळा निघेल, काढायची रीत मात्र हीच: पार्ट-टाइम माणसाचा महिन्याचा पूर्ण खर्च भागिले ओव्हरटाइमच्या एका तासाचा खर्च.

पण किती तासांची गरज आहे, हे आठवणीवर सांगू नये. मागच्या तीन महिन्यांचं ओव्हरटाइमचं रजिस्टर काढावं आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तासागणिक किती बिलं झाली याचा रिपोर्ट शेजारी ठेवावा. बऱ्याचदा दिसतं ते असं: बिलं सहा ते आठ या दोन तासांत दाटलेली असतात आणि ओव्हरटाइम मात्र रोज नऊपर्यंत लावलेला असतो. किंवा काही ओव्हरटाइम गर्दीचा नसून कुणी गैरहजर होतं म्हणून लागलेला असतो. त्यावर नवा माणूस हा उपाय नव्हे.

ओव्हरटाइम दर महिन्याला तेवढाच येत असेल तर सावध व्हावं. तो आता जादा कामाचा मोबदला राहिलेला नसतो, पगाराचा भाग झालेला असतो. माणसाने त्याच्या भरवशावर गाडीचा हप्ता घेतलेला असतो, आणि काम सहाला संपण्यासारखं असलं तरी ते संपत नाही. यात त्याची लबाडी शोधू नये. नऊ ते नऊ उभं राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? थकवा हजेरीपत्रकातही दिसतो, सकाळचे उशीर आणि सोमवारच्या रजा वाढतात. मोठ्या दुकानांना तर कायद्याचीही मर्यादा आहे. राज्याने 2025 मध्ये केलेल्या बदलानंतर ती तीन महिन्यांत 144 तास आहे. आपले 78 तास एकाच माणसावर टाकले तर तिमाहीचे 234 होतात.

एका ठिकाणी मात्र हे सगळं गणित उलटतं. माणसं 19 असतील तर नवा पार्ट-टाइम माणूस विसावा ठरतो आणि पीएफ लागू होतो. त्यात अर्धवेळ माणूसही मोजला जातो. जुन्या 19 जणांचं पीएफपात्र वेतन प्रत्येकी 14,000 असेल तर मालकाच्या वाट्याचे सुमारे 13 टक्के म्हणजे महिन्याला साडेचौतीस हजार, आणि पुढे माणसं कमी झाली तरी ते सुटत नाही. ईएसआयची तशीच रेघ दहाव्या माणसावर आहे. म्हणून काही जण नवा माणूस मस्टरवर घेतच नाहीत. तो शिडीवरून पडला तर दवाखान्याचं बिल आणि भरपाई कुणाच्या खिशातून जाईल, हा विचार तेव्हा केलेला नसतो. दुकान वाढत असेल तर विसावा माणूस आज ना उद्या येणारच, त्याची तरतूद आधी करावी.

आणि या दोन्हींच्या आधी तिसरा पर्याय तपासावा, ज्याला पैसे लागत नाहीत. बिलिंगवरच्या तिघांपैकी एकाची वेळ नऊ ते सहाऐवजी बारा ते नऊ करायची, आळीपाळीने. सकाळी नऊ ते बारा दोन काउंटर पुरत असतील तर आपल्या उदाहरणातले 78 तास तिथेच मिटतात. सकाळी दोघांवर भागत नसेल आणि संध्याकाळची गरज महिन्याला 65 तासांच्या वर असेल, तरच पार्ट-टाइम माणसाची पाटी लावा.